नेत्रशिबिराला येताना पिशवी रिकामी आणू नका

येत्या रविवारी सकाळी साडेआठ वाजल्यापासून नगरपालिकेच्या मराठी शाळेत, आपल्या गावच्या क्लबतर्फे, साठ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्री-पुरुषांसाठी मोफत नेत्रतपासणी शिबिर भरत आहे. नावनोंदणी साडेआठ ते अकरा आणि तपासणी दुपारी दोनपर्यंत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाचे डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस येणार आहेत. ज्यांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुचविली जाईल त्यांना मंगळवारी सकाळी बसने रुग्णालयात नेऊन गुरुवारी परत आणून सोडण्याची सोयही क्लबने केली आहे. चौकाचौकांत फलक लागले आहेत, रिक्षातून पुकारा चालू आहे, तेव्हा ही बातमी बहुतेकांना कळली असेलच. फलकाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे: ‘येताना आधारकार्ड, शिधापत्रिका, दोन फोटो, जुना चष्मा, जुनी कागदपत्रे व चालू औषधे सोबत आणावीत.’ ज्यांच्यासाठी शिबिर आहे त्यांनाच ती ओळ वाचता येत नाही, हा विनोद तूर्त सोडून देऊ.

या शिबिरात मी दरवर्षी रक्तदाब आणि साखर तपासण्याच्या टेबलावर बसतो. मी नेत्रतज्ज्ञ नव्हे, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर. पण त्या टेबलावरून रांग चांगली दिसते. त्या रांगेत दहांतले सात-आठ जण हात हलवत आलेले असतात. फार तर आधारकार्डाची घडी खिशात असते. ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ म्हटले की उत्तर येते, ‘पांढरी एक सकाळी, आणि गुलाबी एक रात्री.’ पांढऱ्या आणि गुलाबी गोळ्यांनी औषधाचे दुकान भरलेले असते हो! फलकावरची ती शेवटची ओळ लोकांना सरकारी सोपस्कार वाटते. तसे ते नाही. त्या ओळीतल्या काही वस्तूंवर एखाद्याचा डोळा राहणार की जाणार हे ठरू शकते. दोन वर्षांपूर्वी याच शिबिरात जे घडले ते सांगतो, म्हणजे पटेल. त्यात माझीही एक चूक आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

माझे एक जुने पेशंट आहेत, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, तेव्हा वय एकाहत्तर. दम्याचा थोडा त्रास, त्यासाठी तोंडाने ओढायचा पंप चालू. ते शिबिराला आले तेव्हा खिशात फक्त आधारकार्ड. बरोबर त्यांची मंडळी होती आणि तिच्या हातात फुगलेली कापडी पिशवी. पिशवीत काय म्हणून विचारले तर गृहस्थ जरा ओशाळले. बाई मात्र म्हणाल्या, ‘डॉक्टर, मला वाचता येत नाही. यातलं कुठलं लागेल कुणास ठाऊक, म्हणून फळीवरचं सगळंच उचलून आणलं.’ खरोखरच सगळे आणले होते. गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या, खोकल्याच्या औषधाची बाटली, पंप, दोन चष्मे, बामची डबी. त्यातच डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक रिकामी, मळकी बाटली. मी रक्तदाब पाहिला, तो ठीक होता, आणि त्यांना पुढे पाठवले.

पुढे काय काय होते ते बऱ्याच जणांना ठाऊक नसते, म्हणून त्यांच्याच बरोबर रांगेतून जाऊ.

पहिला थांबा अक्षरांच्या तक्त्याचा. सहा मीटरवर तक्ता, आणि एकेक डोळा झाकून वाचायचे. कागदावर ६/६० असे काहीतरी लिहितात. त्याचा अर्थ असा, की निकोप डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून वाचता येते ते या माणसाला सहा मीटरवर आल्यावर वाचता येते. आमच्या कंडक्टरांचा उजवा डोळा ६/६० निघाला. डाव्याने तक्ता वाचताच येईना, एक मीटरवर धरलेली बोटे कशीबशी मोजता आली. मग मदतनीसाने बारीक भोक पाडलेली काळी चकती डोळ्यासमोर धरून पुन्हा वाचायला लावले. ही चकती अगदी साधी, पण मोठी उपयोगी. नुसता चष्म्याचा नंबर असेल तर त्या बारीक भोकातून अक्षरे स्पष्ट होतात. मोतीबिंदू असेल, किंवा मागच्या पडद्याचा वा नसेचा विकार असेल, तर बहुधा होत नाहीत. इथे दोन्ही डोळ्यांत काही फरक पडला नाही. बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाहुल्यांत करडेपणा दिसत होता. मदतनीसाने कागदावर लिहिले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कंडक्टर खूश झाले, कारण तेही तेच समजून आले होते. डावा जास्त ‘पिकला’ आहे, तो आधी काढून घेऊ, असा त्यांचा हिशेब होता.

दुसऱ्या थांब्यावर नेत्रतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी बॅटरीचा झोत उजव्या डोळ्यावरून चटकन डाव्यावर नेला, पुन्हा उजव्यावर, पुन्हा डाव्यावर. उजेड पडला की बाहुली आकसायला हवी. डाव्या डोळ्याची बाहुली मात्र उजेड येताच आकसण्याऐवजी किंचित मोठी होत होती. इथे त्या थांबल्या. कारण मोतीबिंदू कितीही दाट असला, तरी त्यातून झिरपणारा उजेड बाहुलीला आकसायला पुरेसा असतो. बाहुली अशी उलटी वागली, तर डोळ्यामागच्या नसेचे किंवा पडद्याचे काहीतरी मोठे बिघडले आहे असे समजायचे. मोतीबिंदू काढून तिथे दृष्टी परत येत नाही.

मग डोळ्यांचा दाब मोजला. हा रक्तदाबापेक्षा वेगळा. डोळ्याच्या आत सतत एक पाण्यासारखा द्रव तयार होतो आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निचरा होऊन जातो. निचरा तुंबला की आतला दाब वाढतो आणि नस दबत जाते. हाच काचबिंदू. साधारण दहा ते एकवीस हा नेहमीचा दाब. यांचा उजव्या डोळ्यात सव्वीस आणि डाव्यात अडतीस निघाला. थेंब घालून बाहुली मोठी करून आत पाहिले, तेव्हा डाव्या डोळ्याची नस जवळजवळ पूर्ण सुकलेली दिसली. उजव्याची निम्मीशिम्मी शिल्लक होती.

बाईंनी विचारले, ‘काका, यापूर्वी कुणी डोळ्यांत थेंब घालायला दिले होते का?’ काका म्हणाले, ‘छे, कधीच नाही.’ त्यांच्या मंडळींनी मुकाट्याने पिशवीतून ती मळकी बाटली काढून टेबलावर ठेवली. लेबल अर्धे पुसले होते, तरी औषधाचे नाव वाचता येत होते: टिमोलॉल. काचबिंदूवरचे जुने, स्वस्त आणि चांगले औषध. मग काकांना आठवले. तीन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला गेले असताना तिथल्या एका डॉक्टरांनी दिवसातून दोनदा घालायला सांगितले होते. चार-पाच बाटल्या झाल्या. मग बंद केले. का? तर ‘घालून दिसण्यात काहीच फरक पडेना.’

इथे वाचकांनी जरा थांबावे, कारण काचबिंदूत डोळे जातात ते बहुतांशी या एका वाक्यामुळे. या थेंबांनी दृष्टी सुधारत नाही. ती सुधारावी म्हणून ते देतच नाहीत. गेलेली नस कोणत्याही औषधाने परत येत नाही. थेंबांचे काम एवढेच, की दाब खाली ठेवून उरलेली नस राखायची. फरक न पडणे हाच त्यांचा गुण. आणि बंद केल्यावरही लगेच काही कळत नाही, कारण डोळा दुखत नाही, लाल होत नाही. नजर बाहेरच्या कडेने आत खात येते आणि समोरचे बरेच दिवस स्पष्ट दिसत राहते. त्यातून एक डोळा बरा असला की दुसऱ्याचे उणे तो भरून काढतो. कंडक्टरांना वाटले मोतीबिंदू वाढतो आहे. तो थोडा वाढतही होता, म्हणूनच फसगत झाली.

आता माझी चूक. त्याच पिशवीतून दम्याचा पंप बाहेर आला होता. तो पाहून बाईंनी केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहिले, ‘दमा आहे. टिमोलॉल देऊ नये.’ डोळ्यांत घातलेला थेंब डोळ्यातच राहतो असे आपण समजतो, पण तो अश्रूंच्या नळीतून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो. टिमोलॉल रक्तात गेले की श्वासनलिका आवळतात आणि नाडी मंदावते. दमेकऱ्याला हे औषध दिले तर दमा बळावू शकतो. संध्याकाळी तो कागद माझ्या हाती आला आणि मी दवाखान्यात जाऊन त्यांचे जुने कार्ड काढले. तीन वर्षांपूर्वी, पुण्याहून परतल्यावर, ते दम लागतो म्हणून लागोपाठ चार वेळा माझ्याकडे आले होते. मी दोनदा पंप वाढवला होता. नवीन औषध काही चालू केले का, असे विचारले असेन. त्यांनी नाही म्हटले असेल, कारण थेंबांना ते औषध समजत नव्हते. पण डोळ्यांत, नाकात, अंगाला लावायला काही आहे का, हे मी नेमके विचारले नाही. पुढे चार-पाच महिन्यांनी दम कमी झाला आणि त्याचे श्रेय मी माझ्या पंपाला दिले. थेंब संपले होते म्हणून तो कमी झाला असावा, हे मला दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी कळले. त्यांनी बाटली घेऊन माझ्यासमोर एकदा जरी ठेवली असती, किंवा मी मागितली असती, तर मी पुण्याच्या डॉक्टरांना पत्र लिहून औषध बदलून घेतले असते आणि डावा डोळा कदाचित राहिला असता.

डावा डोळा गेला तो गेलाच. उजव्यासाठी दम्याला चालणारे दुसरे थेंब सुरू केले, रात्री एकदा घालायचे. दाब सव्वीसवरून सतरावर आला. मग त्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून भिंग बसवले. एकच कामाचा डोळा असल्याने शस्त्रक्रिया जपून, सर्व तपासण्या करून झाली. आता त्या डोळ्याने ६/१२ दिसते. ते पेपर वाचतात, हे सदरही वाचतात आणि थेंब रोज त्यांच्या मंडळी घालतात. ही हकीकत लिहायला दोघांनीही आनंदाने परवानगी दिली.

त्या दिवशी पिशवीत बाटली नसती तर डॉक्टरांनी दाब मोजून काचबिंदू ओळखलाच असता. पण पंप नसता तर पुन्हा तेच स्वस्त टिमोलॉल हाती पडले असते, आणि दम लागल्यावर कंडक्टर पुन्हा माझ्याकडे आले असते, मी पुन्हा पंप वाढवला असता. म्हणून रविवारी येताना घरातल्या फळीवरचे सगळे औषध पिशवीत टाका. चालू असलेले, संपलेले, अर्धवट सोडलेले, सगळे. निवडत बसू नका. निवड आम्ही करू.

दम्याच्या पंपाखेरीज आणखी तीन औषधे नेत्रतज्ज्ञ त्या पिशवीत शोधत असतात. लघवी अडते म्हणून वयस्क पुरुषांना टॅमसुलोसिन नावाची गोळी देतात. ती घेणाऱ्याच्या बाहुलीभोवतालचा पडदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ढिला पडतो आणि लपलपतो. हे २००५ साली लक्षात आले. सर्जनला आधी माहीत असेल तर तो त्याची तयारी ठेवतो आणि शस्त्रक्रिया नीट होते. माहीत नसेल तर ऐन वेळी तारांबळ उडते. गोळी आधी काही दिवस बंद केली म्हणून हा परिणाम हमखास टळतो असे नाही, तेव्हा स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त सांगा. दुसरे, हृदयविकार किंवा अर्धांगानंतर चालू असलेल्या रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या. ‘डोळ्याचं ऑपरेशन आहे, रक्त जाईल’ म्हणून त्या परस्पर बंद करणारे मी पाहिले आहेत. रक्ताच्या थेंबाच्या भीतीने झटका ओढवून घेण्याचा हा प्रकार आहे. त्याबाबत डॉक्टर सांगतील तसेच करा. तिसरे स्टेरॉइड. सांधेदुखीवर, त्वचेवर किंवा ‘ताकदीचे’ म्हणून कुणी दिलेल्या पुड्यांतून ते वर्षानुवर्षे पोटात जात असते. त्याने मोतीबिंदू लवकर येतो आणि काही जणांत डोळ्याचा दाबही वाढतो. पुडीवर नाव नसते. तरी पुडी आणा.

जुना चष्मा कशाला, असे विचारतात. एक तर त्याचा नंबर मोजून डोळ्यात कधीपासून किती बदल झाला हे कळते. दुसरी गंमत अशी, की पुष्कळ आजी-आजोबा सांगतात, ‘आमचा जवळचा चष्मा आपोआप सुटला, आता सुईत दोरा ओवता येतो.’ घरात कौतुक होते. वास्तविक मोतीबिंदूचा एक प्रकार असतो, ज्यात भिंगाचा गाभा घट्ट होत जातो आणि डोळ्याला उणे नंबर येतो. त्यामुळे जवळचे काही काळ बरे दिसते आणि लांबचे पुसट होते. कौतुकाचे वर्ष-दोन वर्ष संपले की जवळचेही जाते. टाकून दिलेला चष्मा डॉक्टरांसमोर ठेवला तर ही कथा त्यांना न सांगता समजते. डोळ्यांची याआधी तपासणी किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर तो कागद, आणि पहिल्या डोळ्यात भिंग बसवले असेल तर त्याच्या नंबराचे स्टिकर लावलेले कार्ड जरूर आणा. दुसऱ्या डोळ्याचे भिंग ठरवताना त्याची मदत होते.

आता सरकारी कागदांचे. आधारकार्ड वयाच्या आणि नावाच्या पुराव्यासाठी. मूळ कार्ड आणि एक झेरॉक्स. त्यावरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे नाव वेगळे असेल तर घाबरू नका, पण नोंदणीच्या टेबलावर आधीच दाखवा. गेल्या वर्षी एका आजींचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर होते, आणि ते बस सुटायच्या वेळी लक्षात आले. शिधापत्रिकेची झेरॉक्सही एक लागेल. ती कोणत्याही रंगाची चालेल, तपासणी सर्वांनाच मोफत आहे. शस्त्रक्रियेच्या नोंदीसाठी दोन फोटो. आणि एक गोष्ट फलकावर नाही ती मी सांगतो. फोन नंबर दोन द्या. एक स्वतःचा आणि एक असा, की जो उचलला जातो. बसची वेळ कळवायला फोन लावावा तर आजोबांचा फोन कोनाड्यात बंद पडलेला असतो, आणि त्यांची जागा रिकामी जाते.

उपाशी येऊ नका. तपासणी म्हणजे उपास, असा समज करून मधुमेहाचे पेशंट सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, काही न खाता साडेआठला रांगेत उभे राहतात आणि दहाला घेरी येऊन माझ्या टेबलापाशी बसतात. नेहमीसारखा नाश्ता करा आणि नेहमीच्या वेळी नेहमीची औषधे घ्या, रक्तदाबाची तर नक्कीच. साखर कधीही खाऊन तपासली तरी चालते. ती साधारण दोनशेच्या वर असेल, किंवा रक्तदाब फार चढलेला असेल, तर त्या आठवड्याच्या बसला नाव लागत नाही. तो नकार नसतो. तीन-चार आठवड्यांत माझ्याकडे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे औषध नीट करून पुढच्या बसला जाता येते. वाढलेल्या साखरेत शस्त्रक्रिया केली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, एवढेच त्याचे कारण. कोपऱ्यात दाबल्यावर डोळ्यातून पू येत असेल, ज्याला आपल्याकडे लासरू म्हणतात, तर आधी त्याचा उपचार होतो. त्या पिशवीतले जंतू उघडलेल्या डोळ्यात जाऊ देता येत नाहीत.

नोंदणी अकरालाच का बंद होते, यावरून दरवर्षी वाद होतात. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर ती पुरती मोठी व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, कधी पुन्हा थेंब घालावे लागतात. त्यानंतर आतली तपासणी. बाराला आलेल्या माणसाचे नाव घेतले तर आतला पडदा न पाहताच त्याला परत पाठवावे लागेल, आणि मधुमेह्याचा पडदा पाहिला नाही तर तपासणी अर्धीच राहिली. थेंबांचा परिणाम चार ते सहा तास राहतो. तेवढा वेळ उजेड बोचतो आणि जवळचे वाचता येत नाही. म्हणून घरचे एक माणूस बरोबर आणा, आणि स्कूटर, सायकल घरी ठेवा. छत्री किंवा टोपी असू द्या.

‘शाळेतच ऑपरेशन उरकून टाका की, पूर्वी होत असे,’ असे जुने लोक म्हणतात. होत असे, हे खरे. शाळेच्या वर्गात खाटा मांडून दिवसाला शंभर-शंभर शस्त्रक्रिया होत. १९८६ साली उत्तर प्रदेशात खुर्जा येथे अशाच एका शिबिरात जंतुसंसर्ग होऊन ८४ जणांच्या शस्त्रक्रिया केलेल्या डोळ्यांना कायमची इजा झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८९ साली त्याचा निकाल लागला. आज पद्धत अशी, की शिबिरात फक्त निवड करायची आणि शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या कायमच्या शस्त्रक्रियागृहातच. बसचा खर्च क्लब त्यासाठी करतो.

‘पिकू द्या, मग काढू’ हेही जुनेच. पूर्वी अख्खे भिंग बाहेर काढत, तेव्हा ते पिकणे सोयीचे असे. आता बारीक छेदातून ते काढून कृत्रिम भिंग बसवतात, त्याला पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की वेळ झाली. फार थांबले तर भिंग कठीण होते, शस्त्रक्रिया अवघड होते. क्वचित अतिपिकलेल्या भिंगातला द्रव डोळ्यात पाझरून डोळा लाल होतो, ठणकतो आणि दाब एकदम चढतो. तेव्हा मग धावपळ.

धावपळीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. डोळा अचानक लाल होऊन ठणकणे आणि बरोबर उलटी, दिव्याभोवती रंगीत कडी. एका डोळ्यापुढे अचानक पडदा ओढल्यासारखे होणे. विजा चमकून काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणे. किंवा काही तासांत एका डोळ्याने दिसेनासे होणे. यांतले काही आज घडले तर रविवारची वाट पाहू नका. आजच जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात जा. शिबिर त्यासाठी नाही.

बाकीच्यांनी रविवारपर्यंत घरी एक गोष्ट करून पाहावी. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर दिवसा उजेडी, चष्मा असेल तर लावून, चार पावलांवर उभे राहा. तळहाताने डावा डोळा झाका, दाबू नका, आणि उजव्याने तारखा वाचा. मग उजवा झाकून डाव्याने. मधल्या आकड्याकडे पाहत असताना कॅलेंडरचे चारही कोपरे दिसतात का, तेही बघा. दोन डोळ्यांत फरक जाणवला तर तो नोंदणीच्या वेळी सांगा. सर्व दिसले तरी काचबिंदू नाही असे यावरून ठरत नाही, दाब मोजावाच लागतो. घरात आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर तेही आवर्जून सांगा, तो घराण्यात चालतो.

ज्यांचे नाव बसच्या यादीत लागेल त्यांनी मंगळवारी सकाळी साडेसातला शाळेच्या फाटकाशी यावे. आंघोळ करून, डोके धुऊन यावे, कारण शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही. दोन दिवसांचे कपडे, ताट-वाटी आणि तीच औषधांची पिशवी बरोबर हवी. दागिने घरी ठेवा. परत आल्यावर थेंब महिना-दीड महिना, सांगितल्या क्रमाने कमी करत घालायचे असतात. फेरतपासणीला रुग्णालयाचे डॉक्टर आठवड्याने आणि महिन्याने याच शाळेत येतील, त्या तारखा कार्डावर लिहून मिळतील. चष्म्याचा पक्का नंबर दुसऱ्या खेपेला निघतो, तोपर्यंत बाजारातून नवा चष्मा करू नका.

अंथरुणाला खिळलेले कुणी घरात असेल तर त्यांना उचलून आणू नका. त्यांचे नाव, पत्ता आणि औषधांची पिशवी घेऊन घरच्या कुणीतरी माझ्या टेबलाशी यावे. दुपारी दोननंतर नेत्रतज्ज्ञ बाई आणि मी अशा पाच-सहा घरी जाऊन येणार आहोत.